तीनदा, पण पहिल्यांदाच

"तुमचं सामान उचला," यमुनाबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

सामान म्हणजे आमचा कॅमेरा, रिफ्लेक्टर, बॅटऱ्या, चहाची भांडी आणि पंचवीसेक माणसं. हे सगळं त्यांच्याच ओसरीवर आणि अंगणात पसरलेलं. पारनेरच्या अलीकडचं एक गाव, सत्तर-एकाहत्तरचा हिवाळा. मी त्या सिनेमाचा कॅमेरामन होतो. यमुनाबाई आणि त्यांचे यजमान पांडुरंगराव हे घरमालक. अर्धा सिनेमा त्या ओसरीवर चित्रित होऊन बसला होता. आता घर बदलायचं म्हणजे तो अर्धा सिनेमा फेकून द्यायचा. निर्माते शेठ नगरचे कापडवाले, त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

झालं होतं असं. सिनेमात एक म्हातारा शेतकरी असतो. त्याची आठवण जात चाललेली. नातीला बघायला पाहुणे येतात, तो सीन आम्ही लावला होता. पटकथेत लिहिलेलं की म्हातारा पानाच्या तबकात चप्पल ठेवून पाहुण्यांपुढे आणतो. मान लटपटते, तोंडाचा आ वासलेला, फेटा उलटा. आज या आजाराला डॉक्टरी नाव आहे. तेव्हा लोक म्हातारचळ म्हणायचे आणि सिनेमात तो हसायला ठेवायचे. शूटिंग बघायला अख्खा गाव अंगणात लोटलेला. चप्पल आली आणि लोक जे हसायला लागले! त्यातच कोणीतरी मागून ओरडलं, "आरं, ह्यो तर आपला तात्याच की!"

मग हसू दुप्पट झालं. आम्हाला काही कळेना, हा तात्या कोण.

तात्या म्हणजे यमुनाबाईंचे सासरे. आम्ही इतके दिवस तिथं राबत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता, की मागच्या खोलीत एक म्हातारा माणूस आहे. शूटिंगमध्ये मध्येच येतील, काहीबाही बोलतील म्हणून पांडुरंगरावांनी बाहेरून कडी लावलेली. यमुनाबाईंनी ती कडी काढली, सासऱ्यांना हाताला धरून ओसरीवर आणून बसवलं आणि मग आम्हाला सामान उचलायला सांगितलं.

"घर दिलं ते तुमी चांगलं काम करताय म्हनून," त्या म्हणाल्या. "मामंजींवर गावाला हसवायला न्हाई दिलं. उद्या ह्यो शिनेमा तंबूत लागंल. मंग जन्मभर ह्यांना बघून लोक चप्पल दाखवतील."

दिग्दर्शक मधू माझा दोस्त. हुशार, पण पहिलाच सिनेमा, त्यामुळे शेठ म्हणतील ते खरं. तो गुळमुळीत बोलायला लागला, की अहो हे तुमच्यावर नाही, काल्पनिक आहे. यमुनाबाई ढिम्म. त्यांचं काही चुकत नव्हतं. माझ्या तर तो चप्पलेचा प्रकार वाचल्यापासूनच डोक्यात गेला होता.

म्हाताऱ्याचं काम करत होते अप्पा. साठी उलटलेले, सारं आयुष्य नाटकात गेलेलं. राजे, सेनापती, कडक बाप, हे त्यांचं खातं. आवाज असा की शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूस उठून बसावा. सिनेमात एवढं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांनी फेटा काढून हातात घेतला आणि उंबऱ्यापाशी गेले. म्हणाले, चुकलं. हा सीन मी पुन्हा करीन. करताना तुम्ही याच दारात उभं राहायचं. तुम्हाला जिथं बोचेल तिथं थांबवायचं, मी त्या क्षणी थांबेन. तोवर मला तात्यांपाशी बसू द्या.

यमुनाबाईंनी ऐकून घेतलं. मग एक अट घातली. "बसा. पन त्यांचं काई उचलायचं न्हाई. त्यांचं बोलनं, त्यांची चाल, काई न्हाई."

"नाही उचलणार," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, झालं! ज्याच्याकडून शिकायचं त्याचं काही घ्यायचं नाही, मग शिकायचं काय? पण अप्पांनी शब्द दिला तो दिला. शेठ गुरगुरले, आम्ही बाकीचे किरकोळ शॉट उरकायला लागलो आणि अप्पा ओसरीवर तात्यांशेजारी बसले.

मीही जाता-येता टेकायचो. तात्या स्वच्छ. धोतर धुतलेलं, दाढी केलेली. सून सगळं वेळच्या वेळी करत होती. म्हातारचळ म्हणजे अंगावर सांडलेलं आणि केस पिंजारलेले ही आमची सिनेमावाल्यांची अक्कल. समोर बसलेला माणूस एखाद्या लग्नघरातल्या कर्त्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. मी गेलो की म्हणायचे, "या पाव्हणं, बसा. कसं काय, निवांत?" मी खूश. त्यांनी मला ओळखलं असंच वाटायचं. दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला बाजूला घेतलं.

"तुझं नाव घेतलं का त्यांनी कधी?"

नव्हतं घेतलं. कोणाचंच घेत नव्हते. सगळे पाव्हणे, सगळे निवांत. अप्पा म्हणाले, बघ, आपण दाखवत होतो की यांचं डोकं रिकामं आहे. अरे, या ओसरीवर सगळ्यात जास्त डोकं हेच चालवतायत. समोरचा कोण ते कळत नाही, पण तसं त्याला कळू द्यायचं नाही, त्याचा मान ठेवायचा, आपला राखायचा. म्हणून कुणालाही चालेल असं बोलायचं. आणि नजर बघ. समोरच्याच्या तोंडावर असते. तिथून अंदाज घेतात, आपलं बरोबर चाललंय की चुकलं. शून्यात बघत नाहीत, माणसाकडं बघतात.

अप्पांना हे कुठल्या पुस्तकात सापडलेलं नव्हतं. नटाचा धंदाच तो, समोरच्याच्या चेहऱ्यावरून आपलं काम कसं चाललंय ते ओळखायचं. त्यांनी आपल्या धंद्याची नजर लावली आणि त्यांना दिसलं.

तात्यांच्या हाताशी घायपाताचा वाख, म्हणजे पानांचे तंतू, ठेवलेला असे, दोर वळायला. हात असे चालायचे की काय सांगू! पीळ एकसारखा, कुठं सैल नाही. एकदा मी शहाणपणा करून विचारलं, तात्या, हे कसं करता? ते थांबले. हाताकडे बघत राहिले. काही केल्या पुढचा पीळ पडेना. अप्पांनी मला डोळ्यांनीच दटावलं आणि गावच्या जत्रेचं काहीतरी काढलं. तात्या जत्रेवर बोलायला लागले, जुनं, तरुणपणाचं, अगदी कुस्ती कुणी मारली इथपर्यंत. बोलता बोलता हात आपोआप वळायला लागले. सकाळी न्याहारी काय केली ते मात्र सांगता येत नव्हतं. हाताची आठवण वेगळी आणि डोक्याची वेगळी, हे मी तिथं पाहिलं.

दिवस कलला की त्यांची चलबिचल सुरू व्हायची. "घरी जायचंय," म्हणायचे. स्वतःच्याच ओसरीवरून. यमुनाबाई वाद घालत नसत. "चला," म्हणून वाटेला लागायच्या, लिंबापर्यंत जाऊन यायच्या. आल्यावर तात्या शांत.

आणि एक प्रश्न. दिवसातून कितीतरी वेळा. "बैल पानी प्याले का?" बैल केव्हाच विकलेले. यमुनाबाई हातातलं काम न सोडता म्हणायच्या, "प्याले, मामंजी." पांडुरंगराव मात्र सरळ मनाचे, त्यांना खोटं बोलवायचं नाही. ते प्रत्येक वेळी समजावून सांगायचे. "दादा, बैल इकले आपन. ध्यानात ठिवा की जरा." तात्यांचं तोंड उतरायचं. थोड्या वेळानं काय बोलणं झालं ते विसरून जायचे, पण उतरलेलं तोंड तसंच राहायचं. संध्याकाळपर्यंत जेवायचे नाहीत. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

हे बघून अप्पा त्या रात्री माझ्याशी जे बोलले ते मी आजवर विसरलो नाही. म्हणाले, मी हाडाचा नाटकवाला. एक वाक्य तीनदा आलं की मी ते चढवत नेणार. पहिल्यांदा साधं, मग जरा वर, तिसऱ्यांदा टाळी. चाळीस वर्षांची खोड. पण ते चढवत नाहीत रे. त्यांच्या लेखी ते पहिल्यांदाच विचारतायत. विसरणं आपल्याला दिसतं, त्यांना दिसतच नाही. मग मी ते तोंडावर दाखवू कसं?

मधूबरोबर बसून त्यांनी सीन नव्यानं बांधला. चप्पल गेली. उलटा फेटा गेला. शेवटी देवळातली घंटा ऐकून म्हाताऱ्याची आठवण परत येते असं एक प्रकरण होतं, तेही गेलं. शेठ म्हणाले, अहो, लोकांना आशा नको का? अप्पा म्हणाले, आशा द्या, थाप कशाला देता?

उरलं एवढंच. पाहुणे ओसरीवर बसलेत. म्हातारा घरचा वडीलधारा, तेव्हा रीतीप्रमाणं विचारतो, "जेवन झालं का पाव्हणं?" ते हो म्हणतात. बोलणी पुढं सरकतात. तो पुन्हा विचारतो. आणि पुन्हा. तात्यांचं यात काही नव्हतं. हा प्रश्न जिल्ह्यातल्या प्रत्येक ओसरीवर विचारला जातो.

माझ्याकडे मधू आशेनं आला, की विसरताना कडेनं धूसर करू या, भिंगापुढं ग्रीस लावलेली काच धरू. तेव्हा ती फॅशनच होती. मी म्हटलं, धूसर कुणाला दिसतंय? म्हाताऱ्याला तर सगळं लख्ख दिसतंय. काच बिच काही नाही. कॅमेरा मी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावला, कारण वरून घेतला की माणूस बिचारा दिसतो. फ्रेममध्ये अप्पा, समोर पाहुणे आणि कडेला म्हाताऱ्याच्या मुलाचं काम करणारा नट, तिघांची तोंडं एकदम दिसतील अशी. न तोडता एकच शॉट. चारशे फुटांचा फिल्मचा डबा साडेचार मिनिटं चालतो, त्यात बसवायचं. कच्ची फिल्म तेव्हा परवान्यानं मिळायची आणि आमच्याकडे तो एकच भरलेला डबा राहिला होता. म्हणजे टेक एकच.

पाहुण्याचं काम करणारा बापू, तोही नाटकातला. अप्पांचा जुना सोबती. तालमी झाल्या. तालमीत अप्पा तिन्ही वेळा वेगवेगळं म्हणत होते, जरा चढवतच. मला आश्चर्य वाटलं.

यमुनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पांडुरंगराव अंगणात गर्दी आवरत होते. कॅमेरा सुरू झाला.

अप्पांनी पहिल्यांदा विचारलं. किंचित पुढं वाकून, हात गुडघ्यावर, डोळ्यांत अगत्य. "जेवन झालं का पाव्हणं?" बापू म्हणाला, "झालं की दादा, पोटभर." बोलणी सुरू झाली. दुसऱ्यांदा विचारलं. तसंच वाकून, तोच हात, तेच अगत्य. बापू जरा अडखळला, पण तालमीतलं उत्तर दिलं. चार वाक्यं पुढं गेली आणि तिसऱ्यांदा. पुन्हा तेच! केसभर फरक नाही. जणू पाहुणे आत्ताच पायरी चढून आलेत.

माझ्यामागून शेठ कुजबुजले, "विसरला म्हातारा. पहिल्यापासून सुरू केलंय त्यानं."

आणि खरं सांगतो, सगळ्यांना तसंच वाटलं. नाटकात नट वाक्य विसरला की मागच्या ओळखीच्या वाक्यावर जातो. तिथून पुन्हा गाडी धरतो. आणि समोरच्या नटानं काय करायचं, हेही ठरलेलं. चेहऱ्यावर काही न दाखवता त्याच्याबरोबर मागं जायचं आणि त्याला सांभाळून घ्यायचं. प्रेक्षकांत त्याची अब्रू जाऊ द्यायची नाही. बापूनं तेच केलं. तालमीतलं तिसरं, वैतागाचं उत्तर त्यानं गिळलं. पहिल्याच मायेनं म्हणाला, "झालं की दादा, पोटभर."

मधू अर्धवट उठला होता, हात वर, तोंड उघडं. पण कट हा शब्द काही बाहेर आला नाही. आणि शब्द आल्याशिवाय मी कॅमेरा बंद करत नाही. डोळा भिंगाला चिकटलेला. कडेला मुलाचं काम करणारा पोरगा. त्याच्या तोंडावर खरीखुरी धास्ती, की अप्पा विसरले, आता काय! अशी धास्ती त्याला सांगून आली नसती. अप्पांची नजर फिरत फिरत त्या तोंडावर गेली आणि थांबली. त्यांनी ते तोंड वाचलं. काहीतरी चुकलंय. काय, ते कळत नाही. गुडघ्यावरचा हात हळूच मांडीवर आला.

"न्हाई... आपलं इचारलं," ते म्हणाले. "पाव्हण्याला इचारावं लागतं."

मग उठले, माठाकडे गेले, तांब्या बुडवला, पेले भरले, एक थेंब न सांडता पाहुण्यांपुढं ठेवले आणि आपल्या जागी ताठ बसले. तेवढ्यात डबा संपला. संपलेली फिल्म आत फडफडायला लागली.

 मधूनं विचारलं, "अप्पा, विसरला होतात का हो?"

"तुला काय वाटलं?"

"विसरलात असंच वाटलं."

"मग झालं की काम," अप्पा म्हणाले आणि घाम पुसायला लागले.

बापू भडकला. मी इकडे तुमची लाज राखायला धडपडतोय आणि तुम्ही आम्हाला खेळवताय? अप्पांनी त्याचे दोन्ही हात धरले. म्हणाले, अरे, तू जे केलंस ना, तेच करायचं असतं अशा माणसाबरोबर. तुला आधी सांगितलं असतं तर तू अभिनय केला असतास. मी कॅमेऱ्यातून नट पुष्कळ पाहिले. आपल्या सीनमध्ये दुसऱ्याला असा उजेड देणारा माणूस मी एकच पाहिला, अप्पा.

मी दाराकडे बघितलं. यमुनाबाईंनी थांबवलं नव्हतं. त्या पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "चालतंय. करा तुमचं काम."

तेव्हा आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. रेकॉर्डिस्ट म्हणाला, वाक्य तेच आहे, एकदा बोला, मी तीन ठिकाणी चिकटवतो. अप्पा ऐकेनात. म्हणाले, तो माणूस तीनदा पहिल्यांदा विचारतोय, एकदा विचारून तीनदा वाजवत नाहीये. तीनदा बोलले. मी कान देऊन ऐकलं. तिन्ही सारखी होती आणि तिन्ही ताजी होती. कसं जमवलं, देव जाणे.

सिनेमा सुप्याच्या बाजारतळावर तंबूत लागला तेव्हा अप्पा आणि मी मुद्दाम गेलो. आमचं ते गाव बैलगाड्या जुंपून आलेलं. यमुनाबाई बायकांच्या बाजूला, पांडुरंगराव आमच्या पुढं. सीन सुरू झाला आणि मी पडदा सोडून लोकांकडे बघायला लागलो. दुसऱ्यांदा "जेवन झालं का" आलं आणि तंबू हसला. चांगला खळखळून हसला. यमुनाबाईंनी मान खाली घातलेली मला दिसली. तिसऱ्यांदा आलं. हसू फुटलं, पण वर येता येता अडकलं. बापूनं तितक्याच मायेनं उत्तर दिलं. म्हाताऱ्याची नजर मुलाच्या तोंडावर गेली. "आपलं इचारलं" आलं तेव्हा तंबूत मशीनच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. नंतरही कोणी हसलं नाही. माझ्या शेजारचा एक रांगडा गडी डोळे पुसून वर मलाच म्हणाला, धूळ लई हाय इथं.

खेळ सुटला. कनात वर झाली, लोक पांगले. पांडुरंगराव उठेनात. यमुनाबाई येऊन उभ्या राहिल्या, तरी ते पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलेले. अप्पा त्यांच्यापाशी गेले. पांडुरंगरावांनी वर बघितलं.

"म्हंजी त्यांना दर बारीला नव्यानंच कळायचं व्हय?" ते म्हणाले. "मी रोज सांगत हुतो, बैल इकले म्हनून. मला वाटायचं, आठवन करून देतोय."

 अप्पा त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. पांडुरंगराव मोठ्यानं रडले, बायकोसमोर, परक्यांसमोर. मग तोंड पुसून म्हणाले, "रोज बैल इकले मी त्यांचे."

सिनेमा बरा चालला. शेठनी पुढचा काढला, त्यात चप्पल होती आणि आम्ही कोणी नव्हतो. हल्ली तरुण कॅमेरामन येतात, विचारतात, विसरणं पडद्यावर कसं दाखवायचं? मी सांगतो, विसरणाऱ्याच्या तोंडावर शोधत बसू नका, तिथं ते नसतं. त्याला उत्तर देणाऱ्याच्या तोंडावर उजेड नीट पाडा.